दोन भाषांतलं एकच भाषण

प्रश्न: "गणेशोत्सवात विसर्जनाच्या संध्याकाळी मी दहा-बारा मिनिटं बोलावं असं मंडळानं सांगितलंय. समोर भारतातून आलेले आजी-आजोबा, आमच्या वयाचे आईबाबा, इथेच जन्मलेली मुलं आणि काही अमराठी जावई-सुना असतील. गेल्या वर्षीच्या वक्त्यांनी प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगितलं आणि सगळे कंटाळले. मराठी-इंग्रजी अशी ये-जा करताना ओघ तुटू नये म्हणून काय करू?"

गेल्या वर्षी सगळ्यात जास्त कंटाळले असतील ते तुमच्या वयाचे आईबाबा. आजी-आजोबांना निदान अर्धा वेळ तरी नवं काही ऐकायला मिळत होतं, मुलांनाही अर्धा वेळ. दोन्ही भाषा येणाऱ्यांना मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकावी लागली, आणि बहुतेक मंडळांत निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर हीच मंडळी असतात. शिवाय बारा मिनिटांत मजकूर झाला सहाच मिनिटांचा.

मी वीस वर्षं इथल्या मंडळांत निवेदन करते आणि अलीकडे इतरांची भाषणं बसवून देते. भाषा बदलली म्हणून लोक बिचकत नाहीत. घरी जेवताना आपण सगळेच दिवसभर बदलत असतो. समोरच्या कोणाला तरी "आता माझी पाळी येईपर्यंत थांबा" असं वाटलं की ओघ तुटतो. त्यामुळे भाषण लिहिताना मी प्रत्येक वाक्यापाशी एकच गोष्ट बघते: या क्षणी कोण थांबून राहिलंय, आणि किती वेळ?

आता काही गोष्टी तुमच्या सभागृहावर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 सालचं. अशा जुन्या वस्तीत तिसरी पिढीही समोर बसलेली असते, आणि तिला मराठीतले दोन-चार शब्दच येत असतात. पाच-सात वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबांचं मंडळ असेल तर मुलांना मराठी ऐकून बरंच कळतं, फक्त बोलताना ती इंग्रजीकडे वळतात. हा फरक मोठा आहे. नावनोंदणी सांभाळणाऱ्या माणसाला फोन करून विचारा, की ज्यांना मराठी अजिबात कळत नाही असे किती जण येतील. दीडशेत चार-पाच जण असतील तर भाषण मराठीतच करा, त्यांच्या शेजारी एखादा बोलका माणूस बसवा आणि सुरुवातीला व शेवटी मिळून दोन मिनिटं इंग्रजीला द्या. निम्मी माणसं तशी असतील तर भाषणाचा कणा इंग्रजी ठेवावा लागेल आणि मराठी त्यात प्रसंगांपुरती येईल. तुमच्या वर्णनावरून तुमचा कार्यक्रम या दोन्हींच्या मधला वाटतो, म्हणून पुढचं सगळं त्या मधल्या परिस्थितीसाठी लिहिते आहे.

मधल्या परिस्थितीत मी दोन भाषांना कामं वाटून देते. प्रसंग, संवाद, माणसं आणि वस्तू मराठीत; काळ, ठिकाण, कारण आणि त्यावरचा विचार इंग्रजीत. यामागचं कारण सरळ आहे. "आजी दारात उभी, हातात वाटी" हे अर्धवट मराठी येणाऱ्या मुलालाही कळतं, कारण शब्द घरातले असतात, वाक्यं छोटी असतात आणि बोलणाऱ्याचे हात ते दाखवत असतात. "स्थलांतरितांच्या भावविश्वातला परतण्याचा प्रश्न" हे मात्र त्याला काही केल्या कळणार नाही. उलट बाजूनं, बऱ्याच आजी-आजोबांना माहितीपुरतं इंग्रजी चालतं, ते वर्तमानपत्र वाचतात, बँकेची पत्रं वाचतात. त्यांना जड जातं ते भरभर बोललेलं, इथल्या वळणाचं इंग्रजी. म्हणजे कोणालाही त्याच्या कच्च्या भाषेत अवघड ते ऐकावं लागू नये.

आणि दुसऱ्या भाषेत गेलात की तिथं आधीचं वाक्य पुन्हा सांगायचं नाही. गोष्ट एक पाऊल पुढे न्यायची. त्या पुढच्या पावलातून मागचं काय होतं ते उमगलं पाहिजे. कीर्तनकार हेच करतात. संस्कृत सुभाषित म्हणून झाल्यावर बुवा त्याच्या शब्दशः अर्थावर अडून राहत नाहीत. ते थेट निरूपणात शिरतात, दृष्टांत देतात, आणि संस्कृत न येणाऱ्या श्रोत्याला आपण काही चुकवलं असं वाटत नाही. आपल्याकडे दोन भाषांत बोलण्याची ही रीत आधीपासून आहे, ती इंग्रजीसाठी वापरायची एवढंच.

एक उदाहरण जवळून दाखवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांचं भाषण मी बसवून घेतलं. तुमच्यासारखाच प्रसंग, विसर्जनाची संध्याकाळ. विषय त्यांनी सुरेख निवडला होता: आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. त्यांच्या पहिल्या मसुद्यात सुरुवात अशी होती:

"मी पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा आजी दारात उभी होती. व्हेन आय लेफ्ट इंडिया फॉर द फर्स्ट टाइम, माय ग्रँडमदर वॉज स्टँडिंग ॲट द डोअर. तिच्या हातात दह्याची वाटी होती. शी हॅड अ बोल ऑफ योगर्ट इन हर हँड."

हे वाचताना तिसऱ्या वाक्यापाशीच डोकं बाहेर जातं. ऐकणारा लवकर ओळखतो की पुढचं वाक्य मागचंच आहे, आणि तेवढा वेळ मोबाइलकडे बघून घेतो. आम्ही ते असं केलं:

"आजी दारात उभी. हातात दह्याची वाटी. खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, 'जातो गं आजी.' तिनं वाटी मागे घेतली. म्हणाली, 'जातो नाही म्हणायचं. येतो म्हण.'"

इथे दोन सेकंद थांबायचं. मग:

"आय वॉज ट्वेंटी-फोर, आय हॅड अ फ्लाइट टु कॅच, अँड शी वुडंट गिव्ह मी दॅट योगर्ट अंटिल आय सेड द राइट वर्ड. येतो. इट मीन्स, आय ॲम कमिंग. आय वॉज लीव्हिंग फॉर द अदर साइड ऑफ द वर्ल्ड, अँड शी मेड मी से, आय ॲम कमिंग."

आता बघा कोण थांबलं. मराठी तुकडा जेमतेम वीस सेकंदांचा. त्यात इंग्रजीवाल्या मुलाला आजी, वाटी, दही, नमस्कार हे शब्द मिळाले आणि वाटी मागे घेणारा हात दिसला. इंग्रजीत आल्यावर त्याला आजीनं काय अडवून धरलं होतं ते कळलं, म्हणजे प्रसंग त्याच्या डोक्यात पुरा झाला. दोन्ही भाषा येणाऱ्याला वय, विमानाची घाई आणि त्या शब्दातला विरोध या तीन नव्या गोष्टी मिळाल्या. आजींना मराठीतच सगळं मिळालं होतं. इंग्रजीतलं "योगर्ट" आणि त्यानंतरचं "येतो" ऐकून त्यांना कळलं की गाडी अजून त्याच दारात उभी आहे. आणि पहिल्या मसुद्याला लागणाऱ्या वेळापेक्षा हे कमी वेळात झालं.

त्या भाषणात "येतो" हा शब्द शेवटपर्यंत मराठीतच राहिला. असा एक शब्द तुमच्या भाषणात हवाच. पहिल्या दोन मिनिटांत तो प्रसंगातून शिकवायचा आणि मग त्याचं भाषांतर पुन्हा कधी करायचं नाही. नंतर इंग्रजी चालू असतानाही तो आला की आजी-आजोबा धागा पकडतात, आणि मराठी चालू असताना आला की मुलं पकडतात. खांबासारखं काम करतो तो. आमच्या बारा मिनिटांत "येतो" नऊ वेळा आला. दोन शब्द ठेवले तरी चालतील, तीन झाले की शिकवणी सुरू होते.

मराठी क्रियापदाला लिंग असतं, हे इथं विसरू नका. सरावाच्या वेळी त्या गृहस्थांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, आय से येतो टू?" तेव्हा आमच्या लक्षात आलं की सगळ्या मुली चुकीचा शब्द घेऊन घरी जातील. मग आम्ही इंग्रजी तुकड्यात एक वाक्य घातलं, की मुलगे येतो म्हणतात, मुली येते म्हणतात, आणि त्या वाक्याला मुलांमधून सगळ्यात मोठा प्रतिसाद आला. तुम्ही स्त्री असाल आणि हाच विषय घेतलात तर अर्थातच "येते" तुमचा मुख्य शब्द, "येतो" जोडीला.

आता बदल नेमका कुठे करायचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच. याचा परिणाम असा, की मराठी वाक्य मध्येच सोडून इंग्रजीत गेलात तर मराठी ऐकणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. "त्या रात्री विमानात बसल्यावर मला पहिल्यांदा, यू नो, आय रिअलाइज्ड दॅट..." या वाक्यात आजींना रात्र मिळाली, विमान मिळालं, पण काय झालं ते मिळालंच नाही. घरात आपण असं बोलतो आणि निभतं, कारण समोरच्याला दोन्ही भाषा येतात. व्यासपीठावरून निभत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: मराठी वाक्याचं क्रियापद उच्चारून झालं, श्वास घेतला, मगच दुसरी भाषा.

इंग्रजी शब्द मराठी वाक्यात येण्याबद्दल मात्र काळजी करू नका. "मी तिकीट बुक केलं", "फ्लाइट लेट झाली" ही मराठी वाक्यंच आहेत. शब्द उसना, क्रियापद आपलं. असे शब्द मुद्दाम काढून "उड्डाणास विलंब झाला" म्हणायला गेलात तर आजोबाही चमकतील.

उभयान्वयी शब्दांवर उडी मारू नका. "आणि म्हणून... सो..." किंवा "पण... बट..." असं झालं की बोलणारा अडखळल्यासारखा वाटतो, कारण तोच सांधा दोनदा येतो. "म्हणून" मराठीत म्हटलंत तर त्याचं उत्तरही मराठीतच द्या. बदलायला सगळ्यात चांगल्या तीन जागा मला सापडल्या आहेत: कोणाच्या तरी तोंडचं वाक्य संपल्यावर, एखादा प्रश्न विचारल्यावर, आणि काळ किंवा ठिकाण बदलताना. वरच्या उदाहरणात आजीचं वाक्य संपल्यावर आम्ही वळलो. तिथं तसंही सगळे क्षणभर थांबलेले असतात, म्हणून वळण जाणवत नाही. प्रश्नाची जागाही फार उपयोगी आहे. "मग बाप्पाला निरोप देताना आपण काय म्हणतो?" असं मराठीत विचारायचं आणि उत्तर इंग्रजीतून उलगडायचं. इंग्रजीवाल्यांना प्रश्न नाही कळला तरी आवाजाचा चढ कळतो, आणि उत्तर त्यांच्या भाषेत येतं.

एक वाक्य मात्र कृपा करून पूर्ण टाळा: "फॉर दोज हू डोन्ट अंडरस्टँड मराठी." मीही पहिली काही वर्षं हे म्हणत होते, आणि सौजन्य म्हणूनच म्हणत होते. मग एका कार्यक्रमानंतर एक जावई मला हळूच म्हणाला, की हे वाक्य आलं की आजूबाजूचे सगळे वळून माझ्याकडे बघतात. तो आठ वर्षं येत होता, आरती पाठ होती त्याची. त्या दिवसापासून मी ते वाक्य बंद केलं. तुम्ही इंग्रजीत बोलायला लागलात हे लोकांना कळतं, त्याची दवंडी पिटायची गरज नसते. "आता मराठीत सांगते" हेही तसंच. ते ऐकून मुलं उठून कॉरिडॉरमध्ये पळतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच्याच जवळची, पण सहज नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे "आपण" आणि "आम्ही". मराठीत "आपण" म्हटलं की ऐकणारा त्यात आला, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहिला. इंग्रजीत दोन्हीला एकच "वी". इंग्रजी तुकड्यात तुम्ही "वी सेलिब्रेट" म्हणता आणि सगळे आत असतात. मग मराठीत येऊन "आम्ही लोक गणपती बसवतो" म्हटलंत की समोरची सून आणि मुलं एकदम पाहुणी होतात. त्यांना व्याकरण समजत नसेल, पण शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा आईला ते खुपतं. मसुद्यातला प्रत्येक "आम्ही" शोधून काढा. तुमच्या लहानपणच्या घराबद्दल बोलत असाल तर तो राहू द्या, सणाबद्दल बोलत असाल तर "आपण" करा. उलट दिशेनंही पाहा: इंग्रजीत "इन अवर कल्चर" म्हणण्यापेक्षा "इन धिस हॉल टुनाइट" म्हटलं तर कोणीच बाहेर राहत नाही.

नाती आणि हाका मराठीतच ठेवा. इंग्रजी तुकड्यातही आजी ही आजीच. पहिल्यांदा ओघात "माय ग्रँडमदर, माय आजी" असं एकदा म्हटलं की पुरे. मामा आणि काका दोघांना "अंकल" केलंत तर गोष्टीतले नातेसंबंधच पुसले जातात, आणि आजोबा मध्येच मुलीला विचारतात, "कोणता अंकल?" असं विचारणं सुरू झालं की समजायचं, धागा सुटला.

तुकडा किती लांब असावा याचं माझ्याकडे गणित नाही, पण फोनवर ध्वनिमुद्रण करून आणि समोर बघून माझा एक अंदाज बसलाय. वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा लहान तुकडे सतत आले तर पिंगपाँग होतं, कान थकतात. दीड मिनिटापेक्षा लांब मराठी तुकडा झाला तर मुलं सुटतात. इंग्रजी तुकडा तेवढा लांबला तर आजी-आजोबा शेजाऱ्याशी बोलायला लागतात. या दोन टोकांच्या मध्ये राहा आणि तुकडे सारख्या लांबीचे मुळीच करू नका. ठरावीक तालात भाषा बदलायला लागली की लोक गोष्टीऐवजी पुढचा बदल ऐकत बसतात. त्या गृहस्थांच्या भाषणात सगळ्यात लांब तुकडा मराठीत होता, साधारण ऐंशी सेकंद: पहिल्या वर्षी इथल्या थंडीत, भाड्याच्या खोलीत, त्यांनी एकट्यानं केलेलं विसर्जन. मूर्ती हातभर अंतरावर, बादलीत पाणी, शिदोरीला दहीपोहे करायला पोहे मिळेनात म्हणून कॉर्नफ्लेक्सवर दही. तो तुकडा लांब चालला, कारण एकेक वस्तू डोळ्यांपुढे येत होती आणि बादली-दही-कॉर्नफ्लेक्स मुलांनाही कळत होतं. त्यानंतरचा इंग्रजी तुकडा मात्र फक्त दोन वाक्यांचा ठेवला, खोलीत कोणीच नसताना त्यांनी मूर्तीला मोठ्यानं काय म्हटलं ते सांगणारा.

विनोदाबद्दल वेगळं सांगते, कारण सगळ्यात जास्त घसरण इथे होते. एका भाषेतला विनोद दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगितला की हशा दोन लाटांत येतो, दुसरी लाट पहिलीपेक्षा लहान, आणि मधली शांतता बोलणाऱ्याला खचवते. मी एकदा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका उखाण्यावर सगळ्यांना हसवलं आणि मग तो इंग्रजीत समजावायला गेले. यमकावर उभा असलेला उखाणा. इंग्रजीत यमक गेलं, नाव घेण्याची पद्धत आधी समजवावी लागली, दीड मिनिट गेलं आणि हसलेली माणसंही गंभीर झाली. तेव्हापासून विनोद ज्या भाषेत जन्मला त्याच भाषेत ठेवते आणि दुसऱ्या बाजूसाठी पुढच्या अर्ध्या मिनिटात त्यांचा स्वतंत्र विनोद देते. कॉर्नफ्लेक्सचा प्रसंग तसा दोन्ही बाजूंना चालतो, कारण तो शब्दांवर उभा नाही. मोठ्या संख्यांचंही असंच: "अठ्ठ्याहत्तर" किंवा "एकोणनव्वद" इथल्या मुलांना कळत नाही, तेव्हा साल किंवा वय महत्त्वाचं असेल तर ते इंग्रजी तुकड्यात सांगा.

सरावाची माझी पद्धत सांगते. पूर्ण भाषण लिहून पाठ करू नका. दोन भाषांचं पाठ केलेलं भाषण मध्ये अडकलं तर पुन्हा रुळावर येत नाही. एका कागदावर प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं लिहा, मराठी निळ्या शाईत, इंग्रजी लाल शाईत. मधला मजकूर चार-पाच शब्दांत टिपून ठेवा. मग फक्त सांध्यांचा सराव करा: या तुकड्याचं शेवटचं वाक्य, श्वास, पुढच्याचं पहिलं वाक्य. बारा मिनिटांच्या भाषणात असे साधारण दहा-बारा सांधे येतात. सांधा पक्का असेल तर मधे शब्द बदलले तरी बिघडत नाही.

मग एकदा सगळं बोलून फोनवर मुद्रित करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दार लोटून, बाहेरून ऐका. शब्द कळत नाहीत, फक्त आवाज येतो. एकच माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. बहुतेकांचा आवाज इंग्रजीत थोडा वर जातो, वेग वाढतो आणि ऑफिसातल्या सादरीकरणाचा सूर लागतो. त्या गृहस्थांचं अगदी तसंच होत होतं. मराठीत आजीचा नातू, इंग्रजीत प्रोजेक्ट मॅनेजर. आम्ही एवढंच केलं, की प्रत्येक इंग्रजी तुकड्याचं पहिलं वाक्य त्यांनी मुलीच्या डोळ्यांत बघून, तिला सांगितल्यासारखं म्हणायचं. सूर खाली आला आणि वेगही आपोआप कमी झाला. या कमी झालेल्या वेगाचा फायदा आजी-आजोबांना होतो, त्यांना इथलं इंग्रजी पकडायला तेवढी फट मिळते.

नजरेचंही असंच आहे. मराठी बोलताना पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांकडे आणि इंग्रजीत मागे बसलेल्या मुलांकडे बघायची आपल्याला सवय असते. त्यामुळे भाषेबरोबर अर्धं सभागृह बंद होतं. मुद्दाम उलटं करा. आजीचा संवाद मुलांकडे बघून म्हणा, इंग्रजी वाक्य आजोबांकडे बघून. ज्याच्याकडे बघून बोललं जातं तो समजून घ्यायचा प्रयत्न करतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात काही तरी चुकणारच. इंग्रजी शब्द आठवला नाही तर शोधत उभं राहू नका. मराठी शब्द म्हणा आणि हातानं दाखवा, समोरून कोणी तरी शब्द पुरवतोच, आणि तो पुरवणारा त्या क्षणापासून भाषणात गुंततो. मराठी शब्द आठवला नाही तर इंग्रजी शब्द मराठी क्रियापदाला जोडून वाक्य पुरं करा. माफी मागू नका, "माझं मराठी तितकं चांगलं नाही" असं तर नकोच. ते ऐकून मागच्या रांगेतली मुलं आपलं मराठी आणखी लपवतात. कुजबुज वाढली तर कोणत्या बाजूनं ते पाहा. ज्येष्ठांमध्ये असेल तर चालू इंग्रजी तुकडा एका वाक्यात संपवून पुढच्या मराठी प्रसंगात शिरा. मुलांमध्ये असेल तर तुमचा खांबाचा शब्द वापरून त्यांना एक प्रश्न टाका. आमच्याकडे सातव्या मिनिटाला मुलं चुळबुळ करायला लागली, तेव्हा त्या गृहस्थांनी कागदात नसताना विचारलं, "सो व्हॉट डिड आय से टु माय आजी?" आणि वीस-पंचवीस आवाज आले, "येतो!" त्यातले तीन-चार "येते!"

राहिला शेवट. इथे भाषणापुरता मी समतोल सोडते आणि शेवटचं मिनिट एकाच भाषेत ठेवते, विसर्जनाच्या संध्याकाळी मराठीत. तोवर मुलांकडे खांबाचा शब्द आलेला असतो, म्हणून ती मागे पडत नाहीत. उत्तरपूजेत गुरुजी "पुनरागमनाय च" म्हणतात आणि मूर्ती जागेवरून हलवतात. पुन्हा येण्यासाठी, एवढाच त्याचा अर्थ. त्या गृहस्थांनी त्याचा अर्थ कुठल्याच भाषेत सांगितला नाही. ते म्हणाले, "आता गुरुजी संस्कृतात बोलतील. पण बाप्पा काय म्हणतोय, ते तुम्हाला ठाऊक आहे." आणि माइक खाली ठेवला. सभागृहातून "येतो" असा आवाज आला, तो नेमका कोणत्या रांगेतून आला ते सांगता येत नव्हतं. मग "पुढच्या वर्षी लवकर या" सुरू झालं आणि टबाकडे निघालेल्या गर्दीत त्यांची मुलगी आजीच्या वयाच्या एका बाईंचा हात धरून चालत होती.

तुम्ही तुमचा विषय ठरवलात, की पहिल्या दोन मिनिटांचा मसुदा इथेच टाका. सांधे कुठे ठेवलेत ते बघून सांगते.